उत्तरेचा बाण आणि नाना

कुरिअरवाले, स्विगीवाले आणि एकदा तर अँब्युलन्ससुद्धा शेजारच्या गल्लीत घुसली, म्हणून गेटजवळ लावायला परिसराचा कच्चा नकाशा काढायचं काम सोसायटीने माझ्या गळ्यात घातलं. पार्ले पूर्व, आमची गल्ली, स्टेशनकडे जाणारा रस्ता, एवढंच. फुकट काम, त्यामुळे सूचना भरपूर.

अंतरं पावलांनी मोजायची. आधी आपलं पाऊल केवढं ते मैदानातल्या क्रिकेटच्या पिचवर काढलं. पिच असतं 22 यार्डांचं, म्हणजे 20.12 मीटर, त्यात माझी 28 पावलं बसली. पाऊल 72 सेंटिमीटरचं धरलं. गेटपासून मेडिकलच्या कोपऱ्यापर्यंत 500 पावलं भरली, म्हणजे 360 मीटर. 1 सेंटिमीटरला 20 मीटर असं प्रमाण घेतलं की हा रस्ता कागदावर 18 सेंटिमीटरचा होतो आणि ए-फोरवर आडवा आरामात बसतो. इतकं सोपं. फक्त 230 व्या पावलाला कोणीतरी "काय हरवलंय का?" विचारतं आणि आकडा डोक्यातून उडतो. म्हणून दर 100 पावलांना एक शेंगदाणा या खिशातून त्या खिशात टाकायचा. फूटपाथवर चालत मोजता आलं तर बरं, पण आमच्याकडे फूटपाथ म्हणजे स्कूटरींचं वसतिगृह. रस्त्यातून चाललो, हॉर्न खाल्ले.

खरा प्रसंग उत्तरेचा. रस्ता आडवा बसवल्यामुळे बाण कागदावर तिरका आला. बाणाचं काम उत्तर दाखवायचं, कागदाच्या वरच्या कडेला सलाम ठोकायचं नाही. पण तिसऱ्या मजल्यावरच्या नानांनी चष्मा कपाळावर सरकवून विचारलं, "ही उत्तर अशी कलंडली कशी?"

"नाना, नकाशा कलंडलाय. उत्तर जागेवरच आहे."

"मग माझं दार कुठं तोंड करतंय?"

"उत्तरेला."

नानांचा चेहरा पडला. फ्लॅट घेताना ब्रोकरने 'पूर्वाभिमुख' म्हणून जादा पैसे घेतले होते.

"उत्तर कुबेराची दिशा, नाना. वाईट काय त्यात?"

"कुबेराचे पैसे ब्रोकरने नेले ना!" नाना कडाडले. "आणि मी स्वतः तपासलंय. भर बाराला गच्चीत काठी उभी केली. दुपारची सावली उत्तरेला पडते, शाळेत शिकलोय. त्या हिशेबाने माझं दार पूर्वेलाच!"

आता हे मे महिन्याच्या शेवटचं. मुंबईत सूर्य घड्याळाच्या बाराला माथ्यावर येतच नाही. आपलं घड्याळ 82.5 अंश रेखांशाचं आणि मुंबई 73 च्या अलीकडे, त्यामुळे मध्यान्ह होते साडेबाराच्याही पुढे. त्यात मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे नानांच्या बाराला सावली वीतभरही नव्हती, आणि होती ती जवळजवळ पश्चिमेला.

"नाना, तुमची सावली कुठल्या बाजूला होती?"

"स्टेशनच्या."

"मग चर्चगेटहून बोरिवलीला जाणारी गाडी कुठल्या दिशेला जाते?"

नाना थोडे थांबले. "ते रेल्वेलाच विचारा."

शेवटी रविवारी त्यांना गच्चीवर नेलं. शुल्बसूत्रं म्हणजे यज्ञवेदी आखायचे जुने ग्रंथ, त्यांतली शंकूची, म्हणजे उभ्या काठीच्या सावलीची पद्धत; तिला वास्तुवाल्यांना नाही म्हणायची सोय नाही. वायपरचा मीटरभर दांडा वाळूच्या कुंडीत, ओळंब्याने सरळ. साडेदहाला सावलीच्या टोकापर्यंत सुतळी ताणून खडूने वर्तुळ काढलं. मग वाट बघायची. सावली आखडते, वळते, पुन्हा लांबते, आणि पावणेतीनच्या सुमारास टोक दुसऱ्या बाजूने वर्तुळाला शिवलं. दोन खुणा जोडल्या की पूर्व-पश्चिम, तिला काटकोनात उत्तर-दक्षिण. मोबाइलचं होकायंत्र जुळलं, पण टाकीच्या लोखंडी शिडीपासून लांब गेल्यावर. शिडीजवळ ते भलतीकडेच वळत होतं आणि नाना तेवढ्यापुरते खूश होते.

नाना पावणेतीनपर्यंत बसले, दोन वेळा चहा घेतला, रेषा नीट बघितली आणि म्हणाले, "तुझी वाळू उतरती आहे."

नकाशा गेटवर लागला. दुसऱ्या दिवशी बाणावर व्हाइटनर आणि शेजारी मार्करने एक नवा बाण, कागदाच्या वरच्या कडेला सरळ. कोणी केलं ते सगळ्यांना माहीत, सेक्रेटरी म्हणतात "जाऊ द्या, वयस्कर आहेत." मी वयस्कर झालो की मला काय काय पुसू देणार, तेही एकदा लिहून द्या म्हणावं.

शिवाय सेक्रेटरींनी नकाशाची झेरॉक्स काढली, लांबी-रुंदी दोन्ही निम्मी करून. खाली '1 सेंमी = 20 मीटर' तसंच, जे आता साफ खोटं आहे; खरं 40 मीटर व्हायला हवं. आखलेली प्रमाणपट्टी तेवढी कागदाबरोबर आटली, म्हणून ती अजून बरोबर आहे. सूचीतली चिन्हं मात्र मुंगीएवढी झालीत, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींची तक्रार आलीय की मंदिराचं चिन्ह दारूच्या दुकानापेक्षा लहान का.