एका बोअरमधून १९ मेगावॅट? पाणी किती गार होतंय ते आधी बघा

"वज्रेश्वरीच्या गरम कुंडांखाली ज्वालामुखीची उष्णता आहे. बोअर मारली की सेकंदाला ५० लिटर, ९० डिग्रीचं पाणी मिळेल. ५० × ४.२ × ९० = १८,९००, म्हणजे जवळपास १९ मेगावॅट वीज, एका बोअरला. अलास्कात ७४ डिग्रीच्या पाण्यावर वीज काढतात. दोनशे बोअर मारा, अख्खी मुंबई कायमची फुकट विजेवर. सगळ्यांना पाठवा."

सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज तिसऱ्यांदा आला, काल तर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी मला टॅग करून विचारलं की तू चिलरवाला ना, मोठ्या बिल्डिंगच्या एसीची मशीनं सांभाळतोस, सांग बरं खरं का हे. काका, फोनवर दोन वाक्यांत होण्यासारखं नाही म्हणून इथेच सविस्तर लिहितो, कारण गुणाकार बरोबर आहे आणि तरीही उत्तर शंभरपट चुकलंय, आणि कुठे चुकलंय ते एकदा कळलं ना की पुढचे असले मेसेज तुम्हीच तपासाल.

सगळ्यात आधी त्या गुणाकारातला ९०. पाण्यातून उष्णता किती मिळते ते पाणी किती गरम आहे यावर ठरत नाही, ते मशीनमधून जाताना *किती गार होऊन बाहेर पडतं* यावर ठरतं. हिशोब असा:

उष्णता (किलोवॅट) = सेकंदाला किती किलो पाणी × ४.२ × तापमानातली घट

४.२ म्हणजे एक किलो पाणी एक डिग्रीने तापवायला लागणारे किलोज्यूल. आता ९० ने गुणलं याचा अर्थ आपण धरलं की ९० डिग्रीचं पाणी शून्य डिग्रीला बाहेर पडतंय, म्हणजे बर्फ व्हायच्या बेताला. ठाणे जिल्ह्यात, जिथे उन्हाळ्यात नळाचं पाणीसुद्धा कोमट येतं. अशा प्लांटमध्ये ९० चं पाणी आत घेतलं तर ते साधारण ६५ ला बाहेर सोडतात, त्याखाली उतरवायला गेलं तर उष्णता जास्त मिळते पण तिच्यातून वीज जवळजवळ निघत नाही. मग घट झाली २५. अजून एक बारीक गोष्ट, गरम पाणी हलकं असतं, ९० डिग्रीचं ५० लिटर पाणी भरतं ४८ किलोच्या आसपास. ४८ × ४.२ × २५ = ५,०४० किलोवॅट. म्हणजे १९ चे झाले ५ मेगावॅट, आणि हे अजून *उष्णतेचे* मेगावॅट आहेत, विजेचे नाहीत. दोन्हीचं एकक एकच असल्यामुळे इथेच सगळे फसतात.

आता खरा विषय, उष्णतेची वीज. हा मी रोजच्या कामातून सांगू शकतो कारण असल्या कमी तापमानाच्या पाण्यावर चालणारं मशीन म्हणजे आमचा चिलरच, फक्त उलटा फिरवलेला. चिलरमध्ये आपण कॉम्प्रेसरला वीज देतो आणि तो गॅस दाबून उष्णता बाहेर फेकतो, आणि इथे गरम पाण्याने गॅस उकळवायचा, त्याच्या दाबावर टर्बाइन फिरवायचं, मग तो गॅस गार करून परत द्रव करायचा आणि पंपाने पुन्हा आत. गार करायला थंड बाजू लागते, आणि अख्खी कमाई गरम बाजू आणि थंड बाजू यांच्यातल्या *फरकावर* असते, नुसत्या गरम पाण्यावर नाही.

मुंबईत थंड बाजू म्हणजे काय? आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवरचा कूलिंग टॉवर. मे महिन्यात दुपारी तीन वाजता बेसिनमध्ये थर्मामीटर घातला की ३१, ३२ दाखवतो, सगळे पंखे फुल चालू असतात तरी त्याखाली उतरत नाही, कारण हवाच दमट असते, पाण्याची वाफ व्हायला तयारच नसते. म्हणजे गॅस द्रव होणार ४० च्या आसपास. गरम बाजूला पाणी ९० वरून ६५ पर्यंत उतरत असलं तरी आतला गॅस उकळतो तो जेमतेम ६५ ला. ६५ आणि ४०, एवढ्याच फरकावर टर्बाइन. निसर्गनियमानेच (केल्विनमध्ये मोजायचं, ३३८ आणि ३१३) यातून साडेसात टक्क्यांच्या वर काही मिळू शकत नाही, मशीन देवाने बनवलं तरी. खऱ्या मशीनमध्ये टर्बाइनची गळती, घर्षण वगैरे जाऊन मी ६ टक्के धरतो आणि हे मी सढळ हातानेच धरलंय. ५,०४० चे ६ टक्के, ३०२ किलोवॅट.

यातून प्लांटचा स्वतःचा खर्च वजा करायचा. बोअरमधलं पाणी १०० मीटरवरून उचलायचं असेल तर ४८ × ९.८ × १०० म्हणजे ४७ किलोवॅटचं काम, आणि पंप मोटर मिळून ६३ टक्के कार्यक्षमता धरली तर ७५ किलोवॅट वीज फक्त उपसायला. वर कूलिंग टॉवरचे पंप, पंखे आणि गॅसचा पंप मिळून ५० धरा. उरले १७७. पावणेदोनशे किलोवॅट म्हणू. महिन्याला सव्वा लाख युनिटच्या आसपास, तेही एकही दिवस बंद न ठेवता. घराला २५० युनिट धरले तर पाचशे घरं, म्हणजे मोठ्या कॉम्प्लेक्सचे दोन तीन टॉवर. मुंबईची उन्हाळ्यातली मागणी ४ हजार मेगावॅटच्या आसपास जाते, तिला दोनशे बोअर नाही, वीस हजारांच्या वर बोअर लागतील.

अलास्काचं मात्र खरं आहे आणि त्याबद्दल मला स्वतःला खूप आदर आहे. चेना हॉट स्प्रिंग्ज नावाची जागा, २००६ पासून चालू. पाणी ७३-७४ डिग्रीचं, सेकंदाला ३३ किलो, ५४ ला बाहेर पडतं. तोच हिशोब लावा: ३३ × ४.२ × १९, साधारण २,६०० किलोवॅट उष्णता. मशीन देतं २५० किलोवॅट, पंप वगैरे जाऊन हातात २१०. आठ टक्के. आणि गंमत म्हणजे ते मशीन चिलरच्याच सुट्या भागांवरून तयार केलंय, गॅससुद्धा आर-१३४ए, जो आमच्या प्लांटरूममध्येही असतो.

आता विचारा की त्यांना ७४ वर खर्च जाऊनही आठ टक्के आणि आपल्याला ९० वर खर्च वजा करण्याआधीच सहा, हे कसं? तर त्यांचं गार करायचं पाणी ४ डिग्रीचं असतं. चार! त्यांचा फरक ७३ वजा ४, म्हणजे ६९. आपला ९० वजा ३२, म्हणजे ५८. त्यांचं कमी गरम पाणी आपल्या जास्त गरम पाण्यापेक्षा भारी ठरतं ते थंडीमुळे. शिवाय ती जागा ग्रिडपासून लांब, आधी डिझेल जनरेटरवर चालायची, त्यामुळे तिथे २१० किलोवॅटची किंमत वेगळीच. काका, तुम्ही मेसेजमधलं अलास्का वाचून भारावलात त्यात चूक काही नाही, फक्त तिथलं थंड पाणी मेसेजमध्ये लिहायचं राहिलं.

ज्वालामुखीबद्दल थोडक्यात. आपला कातळ ज्वालामुखीचाच आहे, पण तो लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच थंड झालाय. कुंडातलं पाणी गरम होतं ते पावसाचं पाणी भेगांमधून खूप खोल उतरतं आणि तिथून वर येतं म्हणून. वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीला तानसा नदीच्या काठी कुंडात पाय सोडून बसलाय ना कधी? पहिल्या मिनिटाला पाय मागे घेतो आपण, पण ते पाणी पन्नाशीच्या आसपासचं असतं, ९० चं नाही. जमिनीत किलोमीटरमागे ३०-४० डिग्री वाढतात असं धरलं तर ९० गाठायला दीड दोन किलोमीटर खोल जावं लागेल. सोसायटीची बोअर मारतात तसलं काम नाही ते. आणि नुसत्या ५० च्या पाण्यावर, आपल्या ३२ च्या थंड बाजूसमोर, जे काही निघेल ते पंपच खाऊन टाकेल.

आणि सेकंदाला ५० लिटर हा आकडा लिहायला सोपा आहे. तासाला होतात १ लाख ८० हजार लिटर, म्हणजे दहा हजारवाले अठरा टँकर. दर तासाला, रात्रंदिवस. आपल्या कातळात पाणी भेगांमध्ये असतं, मध्ये कोरडा दगड. भेग लागली तर धो धो, दहा फूट बाजूला काहीच नाही. पंप चालू केल्यावर पहिल्या तासाला जे पाणी येतं ते बरंचसं बोअरमध्ये आणि आजूबाजूच्या भेगांत आधीच साठलेलं असतं, तो आकडा धरून प्लांट काढला की बुडालात. खरं कळायला दिवसेंदिवस सलग उपसा करून तीन गोष्टी लिहायच्या: प्रवाह, आतली पातळी आणि तोंडाशी तापमान. पातळी खाली खाली जात राहिली तर एवढा प्रवाह टिकणारा नाही. आणि तापमान सुरुवातीला वाढून (पाइप तापतो म्हणून) मग हळूहळू उतरायला लागलं तर वरचं थंड पाणी भेगांतून आत ओढलं जातंय. २५ ची घट २० वर आली तरी उष्णता पाचव्या हिश्शाने जाते, आणि वीज त्याहून जास्त, कारण टक्केवारीही सोबत पडते.

"कायमची" तर नाहीच. वापरलेलं ६५ चं पाणी परत जमिनीत सोडावं लागतं, नाहीतर खालची पातळी उतरते आणि सगळ्यात आधी आटतील ती वरची कुंडं, जिथे माझी आजी दर वर्षी गुडघे शेकायला जायची. आणि परत सोडलं ते फार जवळ सोडलं तर तेच गारसर पाणी भेगेतून फिरून काही काळाने उपशाच्या बोअरला येतं. म्हणून दोन बोअरमध्ये अंतर ठेवायचं आणि तापमान वर्षानुवर्षं लिहीत राहायचं.

मग एवढं पाणी खरंच लागलं तर काय करावं, असं काकांनी फोनवर विचारलंच. माझं मत, वीज करूच नये. ५ मेगावॅट उष्णतेची वीज केली की पावणेदोनशे किलोवॅट उरतात, आणि तीच उष्णता उष्णता म्हणूनच वापरली तर २ किलोवॅटचे अडीच हजार गीझर एकाच वेळी चालू ठेवल्याइतकं काम होतं, वजा फक्त पंपाचे ७५. मुंबईपर्यंत पाइप आणायचा नाही, वाटेतच गार होईल. पण तिथल्या तिथे, भात वाळवायला ४०-४५ डिग्रीची हवा लागते, ती ६० च्या पाण्यावरसुद्धा आरामात मिळते. वाड्याचं कोलम तिथून जवळच पिकतं, आणि कापणीच्या वेळी अवकाळी आला की भात खळ्यावर भिजत पडतं.