'आहे तसं करा' म्हणे!

आज सकाळी अनुवादाचं काम देणाऱ्या एजन्सीतून मेल आला. 'मॅडम, आहे तसं करून द्या. बाकीचे ट्रान्सलेटर एवढे प्रश्न विचारत नाहीत.' वर एक हसरा चेहरा. त्या चेहऱ्यानेच डोकं फिरलं माझं.

काम आहे एका औषध-चाचणीच्या संमतीपत्राचं. इंग्रजीतून मराठीत. औषधाचं, आजाराचं नाव सांगणार नाही, गोपनीयतेच्या करारावर सही केलीय. खालचे आकडेही थोडे बदललेत. सुरुवात करण्याआधी मी नेहमीसारखा पूर्ण मजकूर वाचला आणि शंकांचा एक तक्ता पाठवला. त्याचं हे उत्तर.

शंका काय होत्या ते वाचा आणि मग सांगा मी किरकिरी आहे का.

पान ४ वर लिहिलंय, रक्ततपासणीसाठी तुम्हाला 'बायवीकली' यावं लागेल. इंग्रजीत याचे दोन्ही अर्थ चालतात, आठवड्यातून दोनदा किंवा दोन आठवड्यांतून एकदा. कोशातही दोन्ही दिलेले असतात. आता मराठीत हे 'आहे तसं' कसं करायचं? मराठीत मला एक बाजू घ्यावीच लागते. मी कुठली घ्यायची?

बरं, मी लगेच हात वर केले नाहीत. आधी मजकुरातच उत्तर शोधलं. औषध १२ आठवडे घ्यायचंय. दर वेळी १० मिली, म्हणजे साधारण दोन चमचे रक्त घेणार. पान ६ वर लिहिलंय, 'पूर्ण अभ्यासात मिळून अंदाजे ६० मिली'. म्हणजे सहा खेपा, दर पंधरा दिवसांनी एक. सुटलं! मग पान ९ आलं. प्रवासखर्च 'एकूण २४ भेटींसाठी' मिळेल. २४ भेटी म्हणजे आठवड्यातून दोनदा, आणि मग रक्त होतं २४० मिली. एकाच कागदात दोन वेगळ्या चाचण्या. बहुधा जुन्या आराखड्यातला परिच्छेद तसाच चिकटवून राहिलाय. पण 'बहुधा' मी छापू का?

मागे एका नातेवाइकासाठी दवाखान्यात बसले होते, तिथे शेजारच्या बाकावर एक काका असंच संमतीपत्र वाचत होते. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत. बारा-पंधरा पानं. तिथल्या को-ऑर्डिनेटर मुलीने विचारलं, काही शंका? काकांनी ना दुष्परिणाम विचारले, ना भरपाई. म्हणाले, 'ताई, किती खेपा घालायच्या ते सांगा. एसटीनं यावं लागतं, आणि आलो की रोज बुडतो.' ती बिचारी पानं चाळत राहिली.

त्या माणसाला तीन महिन्यांत सहा दिवसांची मजुरी सोडायची की चोवीस दिवसांची, एवढाच माझा प्रश्न आहे हो! आणि मला हसरा चेहरा पाठवताय.

दुसरी शंका आणखी नाजूक. 'अभ्यास संपल्यानंतर किमान ३ महिने गर्भधारणा टाळावी.' अभ्यास कधी संपतो? शेवटची गोळी बाराव्या आठवड्याला, शेवटची तपासणी सोळाव्याला. तीन महिने कुठून मोजायचे? डॉक्टरला हे कळतं, त्याच्याकडे मूळ प्रोटोकॉल असतो. घरी बसलेल्या बाईकडे फक्त माझी मराठी असते. ती गोळ्यांची पाकिटं संपली की दिवस मोजायला लागणार, दुसरं काय करणार? आणि तिचे चार आठवडे चुकले तर?

कुणी म्हणेल, पुढे बॅक ट्रान्सलेशन असतंच की. असतं. मूळ न पाहिलेला दुसरा अनुवादक माझी मराठी परत इंग्रजीत नेतो आणि दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून ताडतात. समजा मी अंदाजाने 'आठवड्यातून दोनदा' लिहिलं. तो प्रामाणिकपणे त्याचं इंग्रजी करणार. ताडणारा बघणार: मुळात बायवीकली, इकडे आठवड्यातून दोनदा, जुळतंय. टिक. दर पंधरा दिवसांनी लिहिलं असतं तरी टिकच. मुळातच संदिग्ध असलेलं वाक्य या चाळणीतून अलगद निसटतं.

आता थोडं त्यांच्या बाजूने. इंग्रजी संमतीपत्र एथिक्स कमिटीने मंजूर केलेलं असतं, त्यावर आवृत्तीचा क्रमांक आणि तारीख असते. त्यातला एक शब्द बदलायचा तर कागद पुन्हा कमिटीपुढे जातो, बैठकीची वाट बघावी लागते, आणि तोपर्यंत रुग्ण घेणं लांबतं. म्हणून 'शंका' म्हटलं की त्यांच्या पोटात गोळा येतो. मान्य. पण 'बायवीकली'ला मी इंग्रजी बदला म्हणतच नाहीये. तुमच्या मनात काय आहे तेवढं सांगा. २४ भेटींचं मात्र मूळच दुरुस्त करावं लागेल, त्याला माझा इलाज नाही. कुणीतरी ते आज पाहिलं हे नशीब समजा.

आणि मेल लिहिणारी मुलगीसुद्धा... नवीन आहे. एकाच वेळी पाच-सात भाषांची कामं सांभाळत असणार, वर क्लायंटला फोन करायची भीती. तिच्यावर चिडून काय उपयोग. दुपारी तिला फोन केला तर म्हणाली, 'मॅडम, मला त्या तक्त्यातलं काहीच कळलं नव्हतं, म्हणून तसं लिहिलं.' बोलली हेही बरंच.

तिला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते. तक्ता तिने समजून घ्यायचा नाहीच, पुढे सरकवायचा. म्हणून तर मी तो असा करते की वाचणाऱ्याने फक्त 'अ' किंवा 'ब' लिहावं. पान आणि ओळ, मूळ वाक्य, अर्थ अ, अर्थ ब, त्या फरकाने रुग्णाचं काय बदलतं ते एका ओळीत, आणि शेवटच्या रकान्यात माझा कौल: 'उत्तर न आल्यास अ धरेन आणि ती जागा पिवळी करून देईन'. 'हे वाक्य स्पष्ट करा' असं मोघम कधीच लिहायचं नाही. त्याला उत्तर येतं तेही मोघमच. आणि जे आपण स्वतः निस्तरू शकतो ते विचारायचं नाही. सहीच्या पानावर 'मी तयार झालो' की 'झाले', हा माझा प्रश्न आहे. 'माझी तयारी आहे' लिहिलं की मिटलं. क्लायंटला मराठीची लिंगं शिकवत बसू नये.

माझ्या आजच्या तक्त्यात चारच ओळी होत्या. चार! त्याला 'एवढे प्रश्न'.

काही मित्र म्हणतील, शब्दावर पैसे मिळतात, तक्त्याचे कोण देतं? कुणी देत नाही. आजची माझी अख्खी सकाळ फुकट गेली, हे खरंच आहे. पण त्या बाकावरच्या काकांनी पानं उलटून विचारलं असतं, 'ताई, इथं सहा म्हणता, तिथं चोवीस', तर त्या को-ऑर्डिनेटर मुलीने काय सांगितलं असतं? 'मराठी करणाऱ्याला आहे तसं करायला सांगितलं होतं'?

संध्याकाळी उत्तर आलं. पहिली शंका: ब, दर दोन आठवड्यांनी. २४ भेटी जुन्या मसुद्यातल्या निघाल्या, दुरुस्त पान कमिटीकडे जाणार आहे. गर्भधारणेच्या ओळीवर 'डॉक्टरांना विचारून कळवतो'. त्यासाठी उद्या दुपारपर्यंत थांबेन. खरं तर न आलेल्या उत्तरासाठी माझा शेवटचा रकाना तयार असतो, पण या ओळीला मी तिथे कौल लिहिलेलाच नाही. 'उत्तराशिवाय अनुवाद करणार नाही' असं लिहिलंय. उरलेली पानं मात्र आज रात्रीच सुरू करतेय.

कोरा तक्ता कुणाला हवा असेल तर मेसेज करा, पाठवते. फक्त शेवटचा रकाना काढून टाकू नका, त्याच्याशिवाय कुणी उत्तर देत नाही.