एका गजाचा फोटो पाहून घर घेऊ नका

आज दुपारी भाच्याने व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. लातूरला एका बिल्डिंगमध्ये फ्लॅट बघतोय. वरचा मजला अजून व्हायचाय, म्हणून गच्चीवर कॉलमचे गज उभे आहेत. त्यातल्या एकावर उठवलेल्या ग्रेडचा जवळून फोटो, आणि खाली, "मामा, 550D आहे. एजंट म्हणतो 500 पेक्षा भारी. टोकन देऊ का?"

अंगाचा तिळपापड झाला. भाच्यावर नाही, त्या "भारी"वर.

तुमच्यापैकी अर्ध्या लोकांना माहीत आहे मला राग का येतो. 2013 साली ताईने असाच एक फोटो पाठवला होता. मी तेव्हा नांदेडला साइटवर होतो. साइटवर माझी कितीतरी वर्षं गेलेली, फोटो मोठा करून बघितला, 500D स्वच्छ दिसलं, कंपनीचं नावही दिसलं. म्हणालो, "चांगली आसारी आहे, घे." ताईने घेतलं. माझ्या शब्दावर घेतलं.

तर आजच्या फोटोकडे येतो. गजावर दोन लांब कडा असतात आणि त्यांच्यामध्ये तिरप्या कडा. अक्षरं या तिरप्या कडांच्या ओळीत, मध्ये जागा करून उठवलेली असतात. ती छापत नाहीत. मिलमध्ये गज शेवटच्या ज्या रोलमधून निघतो, त्या रोलच्या खाचेतच ती कोरलेली असतात. म्हणून रोलची एक फेरी झाली की तोच शिक्का पुन्हा येतो, साधारण मीटरभराने. रोल जुना झाला की अक्षरं पुसट येतात. पुसट शिक्का म्हणजे नकली माल, असं नाही. हातभर गजावर शिक्का दिसला नाही म्हणूनही बोंब मारू नये, तो काँक्रीटच्या आत गेलेला असू शकतो.

भाच्याच्या फोटोत नाव, मग 550, मग D सारखं काहीतरी, मग 16. सोळा म्हणजे गजाची जाडी, मिलिमीटरमध्ये. मला तो D खटकला. बाकीची अक्षरं एका उंचीची आणि सरळ, हा मात्र एका बाजूला कललेला आणि फुगलेला. गज छातीइतका वर आलेला होता, म्हणून म्हणालो, अजून वर बघ, दुसरा शिक्का असेल. तारेच्या ब्रशने घास, मोबाइलचा टॉर्च समोरून नको, बाजूने आडवा धर, म्हणजे अक्षरांची सावली पडेल. आला फोटो. 550, मोकळी जागा, 16. D नाहीच. एकाच खाचेतून निघालेले दोन शिक्के वेगळे असूच शकत नाहीत. खालच्या फोटोत तिरप्या कडेवर सिमेंटचा ओघळ वाळला होता, त्याचाच D दिसत होता.

आता म्हणाल, एका अक्षराने काय होतं? बघा. आकडा ताकदीचा आहे. गज कायमचा ताणला जायला लागण्याआधी दर चौरस मिलिमीटरला किती न्यूटन ओढ सोसतो, तो. D मात्र लवचिकपणाचा आहे. गजांसाठीचं भारतीय मानक आयएस 1786, त्याप्रमाणे तुटण्याआधी साधा 550 किमान 10 टक्के ताणला गेला पाहिजे. 550D किमान 14.5 टक्के, आणि 500D किमान 16 टक्के. म्हणजे एजंटचा "भारी" गज कमी ताणला जाऊन तुटला तरी नियमात बसतो. भूकंपात इमारत वाकते, तेव्हा गजाला ताणावं लागतं. लातूर भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये आहे, आणि तिथे भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट इमारतींचं मानक आयएस 13920 लागू होतं. त्यात 500 आणि 550 चे गज वापरायचे तर ताण 14.5 टक्क्यांच्या वर हवा. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्याला कुणी सांगायला नको.

हो, किल्लारीत माणसं गेली ती दगडमातीच्या माळवदाखाली, गजांमुळे नाही. मान्य. आणि D नसलेला एखादा लॉट चाचणीत 14.5 च्या वर भरूही शकतो. तेही मान्य. मग त्याच लॉटचा चाचणी अहवाल दाखवा. "भारी आहे" हा अहवाल नव्हे.

ताईच्या घराचं सांगायचं राहिलं. 2019 च्या पावसाळ्यात गॅलरीचं प्लास्टर पडलं, मग काँक्रीट. कुणी खाली नव्हतं, नशीब. गॅलरी पाडावी लागली. मी स्वतः उभा होतो. निघालेला गज पाच फुटांपेक्षा लांब, पूर्ण घासला. एक अक्षर नाही. त्यातला चांगल्या काँक्रीटमधला, अजिबात न गंजलेला तुकडा बरोबर अर्धा मीटर कापला आणि सोनाराच्या काट्यावर ठेवला. 12 चा गज. जाडीचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरचं वजन किलोत येतं, म्हणजे मीटरला 888 ग्रॅम, अर्ध्याला 444. एकेका नमुन्याला सहा टक्के कमी चालतं, म्हणजे 417 पर्यंत. काट्यावर 396 आले.

म्हणजे 2013 चा माझा फोटो खोटा नव्हता. मी वाचलेलं 500D सुद्धा बरोबर होतं. तो फक्त त्या एका गजाचा फोटो होता. विकणाऱ्याने दारात रचलेला चांगला ढीग दाखवला, आणि आत काय गेलं ते मी विचारलंच नाही. ताई आजपर्यंत एका शब्दाने बोलली नाही मला. ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

कंपनीच्या नावाचंही तेच. एकच ब्रँड अनेक ठिकाणच्या मिल परवान्यावर रोल करतात. गजावरचं नाव ब्रँड सांगतं, मिल सांगेलच असं नाही. मिल कळते ती बंडलाला बांधलेल्या टॅगवरच्या CM/L नंबरवरून, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएसच्या, परवान्याच्या नंबरवरून. तो नंबर बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा, पत्ता कुठला, चालू आहे की बंद, ते दिसतं. बंडल सुटलं की टॅग कचऱ्यात जातो, हे मी रोज बघतो. पण ज्या गुत्तेदाराला दाखवायचं असतं, त्याच्या फाइलमध्ये टॅगचे फोटो आणि मिलचं सर्टिफिकेट सापडतं. सगळे लबाड नसतात. मी चांगल्या लोकांकडेही काम केलंय.

भाच्याला टोकन देऊ नको म्हणालो. आधी स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर कुठला ग्रेड लिहिलाय ते बघ. मग गच्चीवरच्या चारही कोपऱ्यांच्या कॉलमचे दोन-दोन शिक्के घासून फोटो काढ. साइटवर पडलेला कापलेला तुकडा माग, मीटर मोजून वजन कर. सोळाचा असेल तर 1.58 किलो. हे करूनही खालच्या मजल्यांच्या पोटात काय आहे ते दिसणार नाही. त्यासाठी बिल आणि चाचण्यांची फाइल मागायची. नाही म्हणाले तर उठून यायचं.

तो म्हणाला, "मामा, एजंटला राग येईल." येऊ दे.

थोड्या वेळापूर्वी ताईचा फोन आला. भाच्याने सांगितलं असणार. म्हणाली, "उद्या तू स्वतः ये. फोटोवर सांगू नकोस." उद्या सकाळच्या गाडीने निघतोय. ब्रश आणि टेप घेतलाय. अर्ध्या मीटरचा तो तुकडाही पिशवीत टाकलाय, एजंटच्या हातात द्यायला.