बँकेत पैसे गेले, तरी थकबाकी कशी राहते?

व्हॉट्सॲपवर सध्या फिरणारा मेसेज असा: «सोसायटीच्या बिलात फसू नका! दर महिन्याला ट्रान्सफर केलं असेल आणि बँक स्टेटमेंटमध्ये नोंद असेल तर थकबाकी शून्य. उशिराचं व्याज सोसायटीला लावताच येत नाही. सिंकिंग फंड ऐच्छिक असतो आणि फ्लॅट विकताना परत मिळतो. थकबाकीचा आकडा सोडून द्या, फक्त चालू महिन्याची रक्कम भरा.»

आमच्या वसाहतीत हा मेसेज वाचून काही जणांनी खरोखरच पैसे अडवून ठेवले. त्यात ज्येष्ठ नागरिकही आहेत आणि त्यांच्या नावापुढचं व्याज रोज वाढतंय, म्हणून हे लिहितो आहे. जे सांगतो ते महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांबद्दल आहे.

बँक स्टेटमेंट एवढंच सांगतं, की अमुक तारखेला तुमच्या खात्यातून अमुक रक्कम गेली. ती कोणत्या फ्लॅटच्या नावे जमा झाली आणि बिलाइतकी होती का, हे त्यात कुठेच नसतं. ते सोसायटीच्या लेजरमध्ये, म्हणजे प्रत्येक सदस्याच्या खातेवहीत असतं. दोन्ही कागद शेजारी ठेवल्याशिवाय थकबाकी खरी की खोटी हे कळत नाही.

एक हिशेब करून बघू. समजा, एप्रिलपासून मासिक बिल 3,400 वरून 3,600 रुपये झालं. भरण्याची शेवटची तारीख 20. सदस्याने बँकेला दिलेली स्टँडिंग इन्स्ट्रक्शन मात्र 3,400 चीच राहिली. एप्रिल, मे आणि जून, तिन्ही महिन्यांच्या 20 तारखेला पैसे गेले. त्यातलं मेचं ट्रान्सफर पत्नीच्या खात्यातून झालं आणि शेऱ्यात फ्लॅट नंबर नव्हता. खजिनदाराला नाव ओळखू आलं नाही, म्हणून ती रक्कम सस्पेन्स खात्यात पडून राहिली. जुलैच्या बिलात मागील मुद्दल 4,000, व्याज 94 आणि चालू आकार 3,600 मिळून 7,694 रुपये आले. सदस्य म्हणतो, मी एकही महिना चुकवलेला नाही. समिती म्हणते, लेजर बघा.

आता लेजर बघा. तीन बिलांचे 10,800. जमा दिसतात दोनच रकमा, म्हणजे 6,800. फरक 4,000. मेचे 3,400 सापडून योग्य जागी आले की थकबाकी 600 राहते, दर महिन्याला कमी पडलेले दोनशे-दोनशे. व्याज 21 टक्क्यांनी धरलं, तर 20 एप्रिल ते 20 मे हे 30 दिवस 200 रुपयांवर, पुढचे 31 दिवस 400 वर आणि जूनअखेरपर्यंतचे 10 दिवस 600 वर. सगळं मिळून सुमारे 14 रुपये. थोडक्यात, सदस्याचं देणं शून्य नाही आणि 4,094 सुद्धा नाही. ते 614 आहे.

मेसेज अशा सदस्याला शून्यावर अडून बसायला सांगतो, आणि तिथेच त्याची बाजू पडते. 614 मान्य करून मेच्या 3,400 रुपयांचा यूटीआर नंबर, म्हणजे बँकेने त्या ट्रान्सफरला दिलेला क्रमांक, तारीख आणि पाठवणाऱ्याचं नाव लेखी दिलं, तर समितीला बँक पासबुकात ती नोंद शोधावीच लागते. आपल्या खात्याचा लेजर उतारा मागणं हा सदस्याचा हक्क आहे. तो लेखी मागा आणि पोच घ्या. पुढचं प्रत्येक ट्रान्सफर करताना शेऱ्यात फ्लॅट नंबर आणि महिना लिहा. बिल ज्या तारखेला छापलं त्यानंतर जमा झालेली रक्कम त्या बिलात दिसणार नाही, हेही लक्षात असू द्या. पुष्कळ भांडणं नुसती तेवढ्यावरून होतात.

व्याजाबद्दल. आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, सोसायटीला थकबाकीवर वार्षिक 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लावता येतं. सर्वसाधारण सभेने कमी दर ठरवला असेल तर तो लागू होतो. तेव्हा सोसायटीला विचारायचं ते हे, की कोणत्या सभेत कोणता दर ठरला आणि व्याज कोणत्या तारखेपासून मोजलं. तक्रारीला खरी जागा आहे ती «सरळ» या अटीत. मागचं व्याज पुढच्या महिन्यात मुद्दलात मिसळून त्यावर पुन्हा व्याज काढणं चूक आहे आणि बिलं बनवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये रकाने नीट मांडले नाहीत तर ते गुपचूप घडतं. ओळखायला सोपं आहे. 21 टक्के म्हणजे महिन्याला पावणेदोन टक्के. वरच्या उदाहरणात 4,000 मुद्दलावर महिन्याचं व्याज 70 रुपये यायला हवं. ते 71 रुपये 65 पैसे आलं, तर 4,094 वर आकारलंय हे समजा. बिलात मुद्दल थकबाकी आणि व्याज थकबाकी असे वेगळे रकाने नसतील, तर ते लेखी मागून घ्या.

सिंकिंग फंड ऐच्छिक नाही. उपविधींनुसार तो फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के असतो. जमिनीची किंमत त्यात धरत नाहीत. बांधकाम खर्च 12 लाख असेल, तर वर्षाला 3,000, महिन्याला 250 रुपये. सेवा शुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं, पण हा आकार मात्र लहान-मोठ्या फ्लॅटप्रमाणे बदलतो. शेजाऱ्यापेक्षा आपला आकडा वेगळा दिसला, म्हणून लगेच चूक समजू नका. हा पैसा इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी किंवा मोठ्या संरचनात्मक कामासाठी राखलेला असतो. फ्लॅट विकणाऱ्याला सोसायटी तो परत देत नाही, तो इमारतीबरोबर राहतो. विक्रीची किंमत ठरवताना खरेदीदाराशी बोलायचं ते बोला. मला यात खटकतं ते दुसरंच आहे: काही समित्या हा निधी रोजच्या खर्चात वापरून टाकतात. तेव्हा भरणं थांबवू नका. वार्षिक ताळेबंदात निधीची रक्कम आणि तिच्यासमोरची बँकेतली गुंतवणूक जुळते का, ते सभेत विचारा.

शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक. समजा, जुलैत सदस्याने फक्त 3,600 भरले आणि कशासाठी ते लिहिलं नाही. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 59 आणि 60 प्रमाणे देणाऱ्याने सांगितलं तर त्याच देण्यापोटी रक्कम जमा धरावी लागते, आणि त्याने काही सांगितलं नाही तर घेणारा ती आपल्या मर्जीने जुन्या बाकीत वळवू शकतो. म्हणजे पावती मिळते, तरी जुलैचं बिल थकलेलंच राहतं. आणि लेजरमधली बाकी वाढत गेली, की सोसायटी सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करू शकते. तो मिळाला की रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. तिथे सोसायटी लेजरचा उतारा पुढे ठेवते, म्हणून त्यातली चूक आजच लेखी दाखवलेली बरी.

या सदस्याने जुलैत भरायचे ते 3,600 अधिक 614, म्हणजे 4,214 रुपये, 20 तारखेच्या आत. सोबत पत्र द्यायचं: 3,600 जुलैच्या बिलापोटी, 600 एप्रिल ते जूनच्या कमी पडलेल्या रकमेपोटी, 14 व्याजापोटी, आणि मेचे 3,400 सस्पेन्समधून माझ्या खात्यात आणून त्यामुळे आकारलेलं 80 रुपये व्याज रद्द करावं. स्टँडिंग इन्स्ट्रक्शन त्याच दिवशी 3,600 ची करून घ्यायची. ऑगस्टच्या बिलात मागील मुद्दल शून्य दिसतं का, ते पाहायचं. तिथे अजून 3,400 दिसत असतील, तर मेची नोंद हललेली नाही.