बेरजा जुळल्या, पण आरमार?

«सर, रविवारचं आरमाराचं कोडं चुकलंय. सगळ्या बेरजा जुळवून मला वेगळंच उत्तर आलं. पहिल्या ओळीत घरं १, ५, ६, तिसरीत २, ४, चौथीत २, ६, पाचवीत २, सहावीत ४, ६. शेवटी अंदाजच मारायचा, तर याला तर्काचं कोडं कशाला म्हणायचं? – एक वाचक, परभणी»

या कोड्यात सहा बाय सहाच्या चौकटीत लपलेली जहाजं ओळी-रकान्यांच्या बेरजांवरून शोधायची, ती एकमेकांना शिवू द्यायची नाहीत, आणि किती घरांची किती जहाजं याची यादी सोबत दिलेली असते. तुमचं उत्तर पेन्सिलीनं मांडून बघितलं. ओळींच्या बेरजा ३, ०, २, २, १, २ आणि रकान्यांच्या १, ३, ०, २, १, ३ तंतोतंत जुळतात. जहाजं कोपऱ्यालाही शिवत नाहीत. एकूण घरंही दहाच. फक्त जहाजं मोजा: तीन घरांचं एक, दोन घरांचं एक आणि एकेकटी पाच. यादीत मात्र तिघांचं एक, जोड्या दोन आणि एकटी तीन होती. दहा बाय दहाच्या नेहमीच्या कोड्यात वीस घरांचं आरमार असतं, तिथंही लोक हीच यादी विसरतात.

अंदाज कुठंच लागत नाही. चौथ्या ओळीतल्या दुसऱ्या घरात आधीच दिलेला चौकोनी तुकडा म्हणजे जहाजाचं पोट, दोन्ही बाजूंना जहाज हवंच. ओळीची बेरीज दोन, म्हणजे आडवं तिघं मावत नाही. ते उभं, ओळ तीन ते पाच. त्यानं पाचवी ओळ आणि दुसरा रकाना भरला. पहिल्या रकान्यातलं एक घर आता फक्त पहिल्या ओळीत बसतं, कारण खाली सगळीकडं त्या उभ्या जहाजाला टेकतं.

आता जोड्यांकडं या, तुम्ही इथंच घसरलात. उरलेल्या जागेत आडवी जोडी पहिल्या किंवा सहाव्या ओळीतच होऊ शकते (तिसरी-चौथीत एकेकच घर उरलंय), आणि तिला पाचवा रकाना लागतोच. त्याची बेरीज एक! म्हणजे आडवी जोडी जास्तीत जास्त एक. दुसरी उभी हवी. दुसरी ओळ शून्य आणि पाचवी भरलेली, म्हणून ती तिसरी-चौथीतच. कुठल्या रकान्यात? सहाव्याला तीन घरं हवीत, पहिली आणि सहावी ओळ मिळून दोनच देतील, म्हणून जोडी सहाव्यात. तुम्ही तिसरीत ४ आणि चौथीत ६ धरलंत, तिथं ही जोडी फुटली.

राहिली सहाव्या ओळीतल्या पाचव्या घरात दिलेली लाट, म्हणजे तिथं पाणी. त्यामुळं त्या ओळीत ४ आणि ६, आणि पहिल्या ओळीत ४-५ ची जोडी.

(परभणीकरांना लाट बघायला पैठणच्या नाथसागरावर जावं लागतं, म्हणून तिच्याकडं दुर्लक्ष झालं म्हणावं तर तुम्ही ती पाळलीय.)

ती लाट झाकून सोडवून बघा. पहिल्या ओळीत १, ४, ६ आणि सहावीत ४, ५ हेही बसतं, यादीसकट. माझ्या कच्च्या कागदावर ती लाट नव्हतीच. पुतणीनं दोन उत्तरं काढून माझ्यासमोर ठेवली, तेव्हा घातली. त्या आधी तुमची तक्रार आली असती तर मला तोंड नव्हतं.