उभ्या गाडीची टाकी रिकामी नको

‘गाडी चार महिने उभी राहणार असेल तर पेट्रोल काढून टाकी कोरडी करा. परत आल्यावर नव्या पेट्रोलात स्टॅबिलायझर टाका. तोवर शेजाऱ्याला सांगून आठवड्याला पाच मिनिटं इंजिन चालू करवा. ऑइल-कूलंट नंतर बघता येतं.’ गाडी बराच काळ उभी ठेवणाऱ्यांना असा सल्ला दिला जातो, पण तो चुकीचा आहे.

पेट्रोल कितीही काढलं तरी टाकी पूर्ण कोरडी होत नाही. तळाशी थोडं राहतंच आणि उरलेल्या जागेत हवा भरते. मराठवाड्यात जूनमध्ये गाडी पत्र्याच्या शेडखाली लावली, की दिवसा पत्रा तापतो, रात्री पावसाळी गारवा येतो आणि टाकीतली हवा आत-बाहेर होत राहते. तिच्यातला दमटपणा पेट्रोलमधलं इथेनॉल ओढून घेतं. पाणी फार झालं की इथेनॉल त्याच्यासह पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टाकीतला इंधनपंप तळातूनच ओढतो. म्हणून टाकी भरलेली हवी. मात्र नोझल आपोआप बंद झालं की थांबायचं. गळ्यापर्यंत कोंबलं तर पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरून तो खराब होतो.

स्टॅबिलायझर पेट्रोल बिघडण्याचा वेग कमी करतो. बिघडलेलं पेट्रोल तो सुधारत नाही, वेगळं झालेलं इथेनॉलही परत मिसळत नाही. त्यामुळे तो आधीच घालायचा. समजा टाकीत 5 लिटर उरलंय, अजून 30 बसतं आणि बाटलीवर 10 लिटरला 30 मिली लिहिलंय. तर पंपावर आधी 105 मिली ओता, मग 30 लिटर भरा, म्हणजे भरतानाच ढवळलं जाईल. घरी यायला 10 किलोमीटरचा तरी रस्ता धरा. पाइप आणि इंजेक्टरमधलं जुनं पेट्रोल जळून औषध घातलेलं तिथवर पोचायला हवं. ही पायरी बरेच जण गाळतात.

पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही. जळणातून झालेलं पाणी सायलेन्सरमध्ये राहतं, काही ऑइलमध्ये उतरतं, आणि स्टार्टरने खाल्लेली बॅटरी तेवढ्यात नीट भरत नाही. त्यापेक्षा बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवा.

ऑइल मात्र उभी करण्याआधीच बदला. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल आणि ओल महिनोन्‌महिने बेअरिंगवर बसून राहते. कूलंट इंजिन थंड असताना दोन खुणांच्या मध्ये हवं. आपल्याकडे ते गोठायची भीती नाही म्हणून अनेकजण साधं पाणी भरतात, पण कूलंट गंजही रोखतं. ब्रेक ऑइल खाली गेलेलं दिसलं तर नुसतं भरू नका. पॅड झिजलेत की कुठे गळतंय, ते आधी पाहा.

गाडी परत काढताना पेट्रोलला आंबूस, वॉर्निशसारखा वास आला, तर स्टार्टर मारू नका. मेकॅनिककडून थोडं नमुन्याला काचेच्या बाटलीत काढून घ्या आणि दहा मिनिटं स्थिर ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी उतरवून साफ करावी लागेल.