लेस्टरचा मामा आणि फेब्रुवारीचा जन्म: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुम्ही पालकांना उगाच घाबरवता. माझी मुलगी 12 फेब्रुवारी 2012 ची आहे. मार्च 2027 मध्ये सीबीएसईची दहावी देईल आणि सप्टेंबरात इंग्लंडला बोर्डिंगला जाईल. माझा मामेभाऊ लेस्टरला आहे, तोच गार्डियन होईल. ती तर कागदावरची औपचारिकता. पैशांचं म्हणाल तर बँका शैक्षणिक कर्ज देतातच. सोळा पूर्ण होईपर्यंत थांबून वर्ष का वाया घालवायचं?»
– एक आई, मांजलपूर, वडोदरा

ताई, तुम्ही जन्मतारीख दिलीत हे फार बरं केलंत, कारण सगळा हिशोब तिथूनच सुरू होतो.

इंग्लंडमध्ये इयत्ता ठरते ती 31 ऑगस्टला मूल किती वर्षांचं आहे यावर. ए-लेव्हलचं, म्हणजे तिथल्या अकरावी-बारावीचं, पहिलं वर्ष म्हणजे इयर ट्वेल्व्ह, आणि तिथे बसणारी मुलं त्या तारखेला सोळा पूर्ण केलेली असतात. तुमची लेक सप्टेंबर 2027 मध्ये साडेपंधरा वर्षांची असेल. आपल्याकडे ती पाच पूर्ण होताच पहिलीत बसली, म्हणून दहावी पास. पण तिकडच्या मोजमापाने ती इयर इलेव्हनची. इयर इलेव्हन हे जीसीएसई या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं दुसरं वर्ष असतं, त्यात मधूनच सहसा शिरता येत नाही. त्यामुळे बऱ्याच शाळा अशा मुलांना एक वर्षाचा जीसीएसई किंवा ए-लेव्हलपूर्व वर्ग सुचवतात आणि मग दोन वर्षं ए-लेव्हल. एकूण तीन वर्षं, जून 2030 ला शेवट.

आता दुसरा रस्ता बघा. अकरावी वडोदऱ्यातच करायची, त्याच वर्षी सप्टेंबर ते नोव्हेंबरदरम्यान शाळांकडे अर्ज करायचे आणि सप्टेंबर 2028 मध्ये, साडेसोळाव्या वर्षी, थेट इयर ट्वेल्व्हला जायचं. शेवट पुन्हा जून 2030 लाच. म्हणजे वाया जाणारं वर्ष नाहीच. उलट अकरावी सायन्सचं गणित आणि भौतिकशास्त्र ए-लेव्हलला थेट उपयोगी पडतं. काही शाळा साडेपंधराव्या वर्षीही इयर ट्वेल्व्हला घेतात. मग मुलगी सतराव्या वर्षी ए-लेव्हल संपवते आणि विद्यापीठात अठरा पूर्ण व्हायच्या आत पोचते, तेव्हा तिथेही पुन्हा गार्डियन लागू शकतो. एजंट हा पर्याय हौसेने पुढे करतात. मला तो पटत नाही.

त्या जास्तीच्या एका वर्षाची किंमत काढू. उदाहरणादाखल एका सत्राची शिकवणी आणि वसतिगृह मिळून फी 16,000 पौंड धरा. वर्षाला तीन सत्रं, म्हणजे 48,000 पौंड. पौंड 120 रुपयांचा धरला तर 57 लाख 60 हजार. शाळेने सांगितलेल्या आकड्यात व्हॅट धरलाय का, हे मात्र लेखी विचारा. 1 जानेवारी 2025 पासून तिथल्या खासगी शाळांच्या फीवर, वसतिगृहासकट, 20 टक्के व्हॅट आहे आणि जुन्या माहितीपत्रकांतले आकडे त्याआधीचे असतात.

कर्जाबद्दल तुमचा समज तपासून घ्या. सरकारी बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्जयोजना बारावीनंतरच्या शिक्षणासाठी असतात. व्याजावरची करवजावटही (जुन्या कायद्यातलं कलम 80ई) बारावीनंतरच्याच अभ्यासक्रमाला मिळते. शाळेची फी भरायला घरावर कर्ज काढाल तर ते शैक्षणिक कर्ज ठरत नाही. म्हणून हा पैसा बहुतेक घरांत स्वतःचाच असतो, आणि वर्षाला 10 लाखांच्या वर पाठवला की बँक टीसीएस हा आगाऊ कर कापते. तो रिटर्नमध्ये वळता होतो, पण तोवर हातातून गेलेला असतो. व्हिसासाठी एका वर्षाची फी आणि वसतिगृहाचा खर्च खात्यात सलग 28 दिवस दिसावा लागतो, शाळेत आधी भरलेली रक्कम वजा करून. खातं मुलीचं किंवा आईवडिलांचं. आजोबांच्या नावची एफडी इथे चालत नाही. ती मोडून पैसे तुमच्या खात्यात आले की 28 दिवस तिथून मोजायचे.

प्रवेशपत्रावर सही करण्याआधी नोटिशीचं कलम मात्र तीनदा वाचा. मूल काढायचं असेल तर एक संपूर्ण सत्र आधी लेखी कळवायचं, नाहीतर पुढच्या सत्राची फी भरायची, अशी अट जवळपास प्रत्येक बोर्डिंगमध्ये असते. मुलगी ऑक्टोबरात रडवेली झाली आणि नाताळला तिला कायमची परत आणायचं ठरलं, तर जानेवारीच्या सत्राचे 16,000 पौंड, म्हणजे 19 लाख 20 हजार, ती वर्गात नसतानाही द्यावे लागतात. या भीतीने आईबाप मुलीला तिथेच ठेवतात आणि त्रास वाढतो.

आता लेस्टरचा मामा. शिक्षणापुरता गार्डियन हा कायदेशीर पालक नसतो, पालकत्वाचे हक्क तुमच्याकडेच राहतात. पण काम खरं असतं. हाफ टर्मला, म्हणजे सत्राच्या मधल्या सुट्टीला, वसतिगृह सहसा बंद होतं: शरदात एक ते दोन आठवडे, फेब्रुवारी आणि मे महिन्यात एकेक. शिवाय सत्रात एक-दोन शनिवार-रविवार मुलांना बाहेर काढतात, त्याला एक्झिअॅट म्हणतात. नाताळ आणि ईस्टरला ती वडोदऱ्याला येईल असं धरलं, तरी वर्षाकाठी साधारण पाच-सहा आठवडे ती मामाकडे. त्यापलीकडे, संसर्गजन्य आजार झाला किंवा शाळेने निलंबित केलं, तर शाळा सांगते: चोवीस तासांत घेऊन जा. मामा-मामी दोघंही पाळीची नोकरी करत असतील आणि शाळा लांब डेव्हनला असेल, तर फोन कोण उचलणार आणि गाडी कोण काढणार?

शिवाय नात्याची एक गाठ आहे. तिथल्या कायद्यात सोळाखालचं मूल जवळच्या नातेवाइकाव्यतिरिक्त कुणाच्या घरी 28 दिवस किंवा जास्त राहणार असेल, तर ते खासगी संगोपन ठरतं आणि स्थानिक कौन्सिलला सहा आठवडे आधी कळवावं लागतं. सख्खी मावशी, आत्या, काका, मामा चालतात. तुमचा मामेभाऊ आपल्या हिशोबाने लेकीचा मामाच, पण त्या यादीत तो बसत नाही. 2027 ला गेली आणि नाताळला तिकीट महाग म्हणून चार आठवडे लेस्टरला ठेवलीत, तर हा नियम लागू होतो. सोळा पूर्ण झाल्यावर नाही.

मामाला आज तीन गोष्टी विचारा: ऑक्टोबरच्या पूर्ण हाफ टर्मला तुमच्याकडे तिची वेगळी खोली असेल का, शाळेपासून तुमचं घर गाडीने किती तास, आणि रात्री दोनला शाळेचा फोन आला तर कोण उचलेल. उत्तरं डळमळीत असतील तर मामा नातेवाईक म्हणून राहू दे आणि अशा संस्थांना तपासून मान्यता देणाऱ्या एईजीआयएस या संघटनेची मान्यता असलेली गार्डियन संस्था घ्या. संस्थेला आधीच विचारा की यजमान कुटुंबाची पोलीस तपासणी कोण करतं आणि निलंबनाच्या वेळचे दिवस फीत धरलेत का, कारण अनेकदा ते वेगळे आकारतात.

लेकीची तयारी गुणांवरून कळत नाही. अकरावीच्या वर्षात तिला स्वतःच्या गजराने उठू द्या, कपडे स्वतः धुऊ द्या, आणि पोट दुखत असेल तर डॉक्टरला कुठे, कधीपासून, कसं दुखतंय हे इंग्रजीत तिलाच सांगू द्या. तुम्ही मध्ये बोलायचं नाही. वसतिगृहातल्या मेट्रनसमोर हेच करायचं असतं. इंग्लंडमध्ये सोळा पूर्ण झालेलं मूल उपचारांना स्वतः संमती देऊ शकतं, म्हणजे मेट्रन तुम्हाला विचारण्याआधी तिला विचारेल.

कागदांचं काम आत्तापासून सुरू करा. महापालिकेचा जन्मदाखला गुजरातीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावरचं आईचं नाव तुमच्या पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं. संमतिपत्रावर दोघांच्याही सह्या लागतात: व्हिसाच्या अर्जाला, प्रवासाला आणि तिथल्या राहण्याच्या व्यवस्थेला, तिन्हींचा स्पष्ट उल्लेख करून. नावातली दुरुस्ती वडोदऱ्यात करायला कधीकधी महिने जातात, म्हणून ती शाळेचा अर्ज भरण्याच्या आधी उरकून घ्या.